बग प्रॉडक्शनला गेला कसा? दुधाच्या लिस्टचं उदाहरण घेऊन ‘का, का, का’ विचारायची पद्धत

नवीन नवीन टीममध्ये आलात आणि कोणी सांगितलं की कालच्या बगचा आरसीए, म्हणजे मूळ कारण शोधणारा रिपोर्ट, लिहून दे, फाइव्ह व्हाय करून, तर बहुतेक जण एकच काम करतात. कोरा फॉर्म उघडतात, पाच वेळा ‘का’ लिहितात, आणि शेवटच्या ओळीत ‘डेव्हलपरने नीट टेस्ट केलं नाही, पुढे काळजी घेऊ’ असं टाकून फॉर्म सबमिट करतात. मीही पहिले दोन-तीन आरसीए असेच लिहिले. मग एक बग असा आला की तसं लिहून भागणारच नव्हतं, त्यातून जे शिकलो ते इथे क्रमाने देतोय.

आधी केस सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. घरोघरी दूध पोचवणाऱ्या एका कंपनीत मी बॅकएंडला होतो. ग्राहक ॲपवर उद्याचं दूध बंद करतात, वाढवतात, दिवसाआड घेतात, आणि रोज पहाटे एक जॉब चालतो जो त्या दिवसाची डिलिव्हरी लिस्ट बनवतो, डेपोवर तीच प्रिंट होते आणि दूध टाकणाऱ्या पोरांच्या मोबाईलवरही तीच येते. हा जॉब 5:45 ला चालायचा. जूनमध्ये शाळा सुरू होणार म्हणून लोकांना दूध लवकर हवं होतं, डेपोने लिस्ट एक तास आधी मागितली, आम्ही 11 जून 2024 ला संध्याकाळी जॉबची वेळ 4:45 केली. एका ओळीचा बदल. आणि 12 तारखेपासून रोज आदल्या दिवशीची लिस्ट जायला लागली, जे आम्हाला 20 तारखेला कळलं. नऊ दिवस.

## सुरुवातीला काय काय जवळ पाहिजे

मीटिंगला बसण्याआधी हे गोळा करा, नाहीतर तासभर फक्त ‘मला वाटतं’ चालतं:

- टाइमलाइन: कधी डिप्लॉय झालं, पहिला चुकीचा रन कधी, पहिली तक्रार कधी, कळलं कधी, थांबवलं कधी. सगळ्या वेळा एकाच टाइमझोनमध्ये लिहा, आमच्या केसमध्ये तर बगच तिथे होता
- त्या काळातले गिटचे कमिट, कॉन्फिगच्या रेपोतलेसुद्धा
- जॉबचे लॉग आणि डेटाबेसमधले खरे रेकॉर्ड
- सपोर्टकडे आलेली तिकिटं, मूळ शब्दांत, सारांश नको
- ज्यांनी बदल केला, ज्यांनी रिव्ह्यू केला, आणि ज्यांनी जागेवर भोगलं त्यातला एक तरी माणूस. आमच्याकडे डेपोचे सुपरवायझर होते आणि त्यांच्यामुळेच अर्धं काम झालं

पाच-सहा लोक पुरे, दीड तास पुरे. मॅनेजर आले तर बाकीचे गप्प बसतात असं असेल तर त्यांना नंतर रिपोर्ट दाखवा.

## 1. आधी गळती थांबवा, ‘का’ नंतर

नळ चालू असताना फरशी पुसत बसू नका. आम्ही 20 ला कळल्या कळल्या जॉबची वेळ परत 5:45 केली, त्यामुळे डेपोला उशीर झाला, पण लिस्ट बरोबर आली. हे उत्तर नाही, हा बंदोबस्त आहे, आणि रिपोर्टमध्ये तो वेगळ्या रकान्यात लिहा. इथला सापळा असा की बंदोबस्त केल्यावर तक्रारी थांबतात आणि सगळ्यांना वाटतं झालं, मग मीटिंग पुढे पुढे ढकलली जाते आणि लोक विसरतात कोणी काय बघितलं होतं.

## 2. प्रॉब्लेम एका वाक्यात लिहा, त्यात कारण घुसवू नका

‘टाइमझोनच्या बगमुळे लिस्ट चुकली’ असं लिहिलंत की सगळे ‘का’ त्याच दिशेने जाणार. आमचं वाक्य शेवटी असं झालं: ‘12 ते 20 जून रोज पहाटे डेपोला आदल्या दिवसाची लिस्ट गेली, आणि हे आम्हाला 20 ला सुपरवायझरच्या फोनवरून कळलं.’ काय, कधी, कुठे, आणि कसं कळलं. शेवटचा भाग लोक नेहमी गाळतात, तो गाळू नका, पायरी 5 ला लागणार आहे.

हे वाक्य खरं आहे याचा पुरावा लगेच काढा. आम्ही ही क्वेरी मारली:

```sql
SELECT list_date, created_at AT TIME ZONE 'Asia/Kolkata' AS ist
FROM delivery_lists ORDER BY created_at DESC;
```

आणि त्यात हे दिसलं:

```
2024-06-12 | 2024-06-13 04:45
2024-06-11 | 2024-06-12 04:45
2024-06-11 | 2024-06-11 05:45
2024-06-10 | 2024-06-10 05:45
```

11 तारीख दोनदा. ती ओळ स्क्रीनवर आली आणि खोली शांत झाली, त्यानंतर ‘कदाचित पोरांनी जुना कागद उचलला असेल’ वगैरे कोणी बोललं नाही.

## 3. एक साखळी नाही, दोन साखळ्या

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे म्हणून जरा थांबून सांगतो.

माझा मावसभाऊ चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. त्याला मी माझा अर्धवट आरसीए दाखवला तर त्याने वाचून एकच विचारलं, ‘ऑकरन्स लिहिलंयस, एस्केप कुठंय?’ त्यांच्याकडे ग्राहकाकडून खराब पार्ट परत आला की एट-डी नावाचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट द्यावा लागतो आणि त्यात चौथ्या पायरीला दोन वेगळे प्रश्न असतात. पार्ट खराब का झाला, आणि खराब पार्ट गेटबाहेर का गेला. एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही, कारण मशीन सुधारलं तरी तपासणीचं भोक तसंच राहतं, उद्या त्याच भोकातून दुसरा कुठलातरी पार्ट जाणार.

सॉफ्टवेअरमध्ये आपण पहिला प्रश्न विचारतो आणि थांबतो. प्रॉडक्शनला निसटलेल्या बगला मात्र दोन्ही पाहिजेत: बग तयार का झाला, आणि आपल्या सगळ्या चाळण्यांमधून निसटला का.

## 4. पहिली साखळी: बग झाला का

आमची अशी झाली.

आदल्या दिवसाची लिस्ट का गेली? कारण जॉबने ‘आज’ म्हणून आदली तारीख घेतली. पुरावा वरचा टेबल.

आदली तारीख का घेतली? कारण कोडमध्ये हे होतं:

```js
const today = new Date().toISOString().slice(0, 10);
```

`toISOString()` नेहमी यूटीसी देतं. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे रात्री 12 पासून पहाटे 5:30 पर्यंत या ओळीला अजून कालचाच दिवस वाटत असतो. आपला 12 जूनचा पहाटेचा 4:45 म्हणजे यूटीसीमध्ये 11 जूनचे 23:15.

मग आधी इतके महिने बरोबर कसं चाललं? हा ‘का’ बहुतेक लोक विचारतच नाहीत, पण जुना कोड अचानक बिघडला असेल तर हा विचाराच. आधी जॉब 5:45 ला चालायचा, म्हणजे यूटीसीचे 00:15. तारीख उलटून फक्त 15 मिनिटं झालेली असायची. आमचं सगळं त्या 15 मिनिटांवर उभं होतं आणि कोणाला माहीत नव्हतं.

वेळ बदलताना हे कोणाला का माहीत नव्हतं? कारण जॉबची वेळ एका रेपोत आणि तारीख काढणारी ओळ दुसऱ्या रेपोत, आणि दोघांचा संबंध कुठेच लिहिलेला नाही. क्रॉनमधला बदल एवढाच दिसत होता:

```
-15 0 * * *
+15 23 * * *
```

संबंध लपलेला का राहिला? कारण जॉबला ‘कुठल्या दिवसाची लिस्ट बनवायची’ हे कोणी सांगतच नाही, तो स्वतः आत घड्याळ बघून ठरवतो. कधी चाललास आणि कुठल्या दिवसासाठी चाललास या दोन गोष्टी एकाच घड्याळाला बांधलेल्या.

इथे आम्ही थांबलो. का थांबलो ते पायरी 6 मध्ये.

एक गोष्ट लक्षात घ्या, वर पाच उत्तरं आली तो योगायोग आहे. पाच हा आकडा टोयोटातून आला, तिथले इंजिनिअर ताईची ओनो यांनी दिलेलं मशीनचं उदाहरण प्रसिद्ध आहे: मशीन बंद पडलं कारण फ्यूज उडाला, फ्यूज उडाला कारण लोड वाढला, लोड वाढला कारण बेअरिंगला तेल कमी, तेल कमी कारण पंप नीट ओढत नाही, पंप ओढत नाही कारण शाफ्ट झिजला, शाफ्ट झिजला कारण गाळणी नव्हती आणि धातूचा चुरा आत गेला. फ्यूज बदलून मोकळे झाले असते तर तो परत उडालाच असता. तिथेही मोजून पाच प्रश्नांवर काही अडलेलं नाही. तीनमध्ये गाळणी सापडली तर तीन, आठ लागले तर आठ.

## 5. दुसरी साखळी: निसटला का

इथे एकच धागा धरून चालत नाही. बग ज्या ज्या चाळणीतून गेला तिथे तिथे वेगळा ‘का’ विचारा, म्हणून आधी चाळण्या मांडा. आमच्याकडे चार होत्या: युनिट टेस्ट, रिव्ह्यू, स्टेजिंग, आणि प्रॉडक्शनमधली नजर.

युनिट टेस्ट का पडली नाही? टेस्ट होती आणि हिरवी होती. उघडून बघितली तर टेस्टमधलं अपेक्षित उत्तरसुद्धा त्याच ओळीने काढलेलं, `new Date().toISOString().slice(0, 10)`. म्हणजे कोड चुकला की टेस्टही तशीच चुकणार आणि दोघं एकमेकांना बरोबर म्हणणार. टेस्ट असणं आणि टेस्टने चूक पकडू शकणं या वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून ‘टेस्ट नव्हती’ किंवा ‘टेस्ट होती’ एवढं लिहून सोडू नका, टेस्ट उघडून वाचा.

रिव्ह्यूमध्ये का सुटलं? रिव्ह्यू करणाऱ्याने आपलं काम नीट केलं होतं. पहाटेचे 4:45 म्हणजे यूटीसीचे 23:15 हे त्याने हिशोब करून तपासलं, आणि ते बरोबरच होतं. पण 23:15 म्हणजे आदला दिवस आणि आतला कोड तारीख घड्याळावरून घेतो, हे त्या रेपोत कुठे दिसतच नव्हतं. इथे ‘रिव्ह्यूअरचं लक्ष नव्हतं’ लिहिलं असतं तर एका चांगल्या माणसावर अन्याय झाला असता आणि भोक तसंच राहिलं असतं.

स्टेजिंगला का दिसलं नाही? कारण तिथे जॉब दुपारी बटण दाबून चालवला. दुपारी दोन्ही तारखा एकच. दुपारी का चालवला? कारण पहाटे 4:45 ला कोण बसणार, आणि जॉबला ‘समज आता पहाट आहे’ असं सांगायची सोय नव्हती. सोय का नव्हती? कारण तो स्वतः आत घड्याळ बघतो. बघा, ही शाखा फिरून पहिल्या साखळीच्या शेवटाला येऊन मिळाली. दोन वेगळ्या वाटा एकाच जागी आल्या की ती जागा बहुतेक खरी असते.

प्रॉडक्शनमध्ये नऊ दिवस का कळलं नाही? ही शाखा मला सगळ्यात जास्त लागली.

बहुतेक घरात रोज तेवढंच दूध जातं, त्यामुळे कालची लिस्ट आणि आजची लिस्ट जवळजवळ सारखी. चूक फक्त बदल करणाऱ्यांना लागली. 15 ते 17 दूध बंद ठेवलेल्या घरी 15 ला पिशवी आली आणि 18 ला, माणसं गावाहून परतल्यावर, आली नाही. दिवसाआडवाल्यांचं तर आणखी विचित्र: 12 तारखेला काहींना लागोपाठ दुसऱ्या दिवशी दूध, काहींना लागोपाठ दुसऱ्या दिवशी नाही, आणि त्यानंतर परत छान एक दिवसाआड, फक्त एक दिवस सरकून. म्हणून 12 ला तक्रारी एकदम वाढल्या आणि 13 ला खाली आल्या. सगळ्यांनी म्हटलं वेळ बदलल्यामुळे पोरांची पहिल्या दिवशी गडबड झाली असेल, आता बसलं.

मग बाकीच्या तक्रारींचं काय? सपोर्टच्या स्क्रीनवर त्यांना बसेल असा एकच पर्याय होता, ‘डिलिव्हरी चूक’. तो निवडला की एका पिशवीचे पैसे परत आणि तिकीट बंद. पैसे परत मिळाले की ग्राहक शांत, तिकीट बंद झालं की आकडा शांत, आणि ठपका पडला पहाटे सायकलवर फिरणाऱ्या पोरांवर. शेवटी 20 ला सुपरवायझरांनी फोन केला, प्रिंटच्या वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 2024-06-19 होतं आणि त्यांनी विचारलं, ‘साहेब, आज वीस ना?’ नऊ दिवस ती तारीख कागदावर होती. ताजा प्रिंट निघतोय म्हटल्यावर तारीख कोण वाचतं, आणि मोबाईलचं ॲपसुद्धा शेवटची बनलेली लिस्ट उचलत होतं, तारीख बघत नव्हतं.

या शाखेचं मूळ: लिस्ट आजचीच आहे हे तपासणारं कोणी नाही, ना माणूस ना मशीन, आणि तक्रारीचं कारण शोधण्याआधीच तिला डिलिव्हरीच्या नावावर टाकणारी स्क्रीन.

## 6. उत्तर बरोबर आहे का ते तपासायच्या तीन खुणा

उलटं वाचा, ‘म्हणून’ घालून. खालून वर: जॉब स्वतः घड्याळ बघून तारीख ठरवतो, म्हणून वेळ आणि तारखेचा संबंध लपलेला राहिला, म्हणून वेळ बदलताना कोणाला धोका दिसला नाही, म्हणून जॉब यूटीसीची तारीख मागे असताना चालला, म्हणून आदली लिस्ट गेली. कुठे ‘म्हणून’ अडखळला तर मधली कडी गायब आहे. आमच्या पहिल्या मसुद्यात ‘डॉक्युमेंटेशन नव्हतं’ अशी एक ओळ होती, पण ‘डॉक्युमेंटेशन नव्हतं म्हणून आदली लिस्ट गेली’ हे काही पटेना, ती ओळ काढली.

उत्तरात माणूस आला तर अजून एक ‘का’. ‘अमका विसरला’ हे उत्तर नाही. विसरणं शक्य का होतं, आणि विसरल्यावर काहीच का वाजलं नाही, असं विचारा.

कुठे थांबायचं. जी गोष्ट तुमची टीम बदलू शकते आणि जी बदलली असती तर साखळी तुटली असती, तिथे थांबा. त्याच्याही खाली गेलात तर ‘सर्व्हर यूटीसीवर का असतात’, ‘कंपनीत टेस्टर कमी का आहेत’ असं सुरू होतं, ते खरंही असेल पण सोमवारी त्यावर तुम्ही काहीच करू शकत नाही.

आणि एक मर्यादा मान्य करा: ‘का’ विचारून तेवढंच सापडतं जेवढं खोलीतल्या लोकांना माहीत आहे. सुपरवायझर नसते तर तिकिटाच्या पर्यायांवर आम्ही पोचलोच नसतो. दोन जणांत उत्तरावर मतभेद झाला तर आवाज चढवू नका, लॉग काढा, नाही मिळाला तर तिथे ‘पुरावा नाही’ लिहून पुढे जा.

## 7. प्रत्येक मुळाला एक उपाय, आणि उपाय चालतो हे मोडून दाखवा

‘पुढे काळजी घेऊ’, ‘टीमला ट्रेनिंग देऊ’ असले उपाय लिहू नका, त्यांना तारीख लावता येत नाही आणि ते झाले की नाही हे तपासता येत नाही. आम्ही तीन ठेवले.

पहिला, जॉब आता घड्याळ बघत नाही, त्याला वेळ बाहेरून मिळते:

```js
function deliveryDate(now) {
  return new Intl.DateTimeFormat('sv-SE', {
    timeZone: 'Asia/Kolkata'
  }).format(now);
}
```

`sv-SE` बघून दचकू नका, स्वीडनमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहितात म्हणून तो घेतलाय, आपल्याला हवा तोच फॉरमॅट मिळतो. आणि टेस्टमध्ये आता अपेक्षित उत्तर हाताने लिहिलेलं आहे:

```js
expect(deliveryDate(new Date('2024-06-11T23:15:00Z')))
  .toBe('2024-06-12');
```

ही टेस्ट जुन्या कोडवर चालवून ती पडते हे आधी बघितलं, मग नवीन कोड टाकला. हे विसरू नका, जी टेस्ट मूळ बगवर पडत नाही ती त्या बगसाठी निरुपयोगी आहे.

दुसरा, पोरांचं ॲप आणि प्रिंट दोन्ही आता आजची तारीख नसलेली लिस्ट उघडत नाहीत, लाल पट्टी दाखवतात आणि ऑन-कॉलला फोन जातो. हे तपासायला स्टेजिंगला मुद्दाम कालची लिस्ट टाकली आणि फोन खरंच वाजतो का बघितलं. पहिल्या वेळी वाजला नाही, नंबर जुन्या माणसाचा होता.

तिसरा, सपोर्टच्या स्क्रीनवर ‘ॲपवर बदल केला होता पण लागू झाला नाही’ असा वेगळा पर्याय, आणि एका सकाळी अशा दहा तक्रारी झाल्या की आम्हाला मेसेज.

प्रत्येकाला एकच नाव आणि एक तारीख. दोन नावं लिहिलीत तर कोणीच करत नाही.

## 8. तोच दोष अजून कुठे आहे ते शोधा

रिपोर्ट बंद करण्याआधी ही पायरी, आणि याला दहा मिनिटं लागतात:

```
grep -rnF "toISOString().slice(0, 10)" src/
```

आम्हाला ही ओळ अजून सहा ठिकाणी सापडली. प्रत्येकाच्या बाजूला तो कोड किती वाजता चालतो ते लिहिलं. त्यातले पाच कोड दिवसा चालणारे होते, तरी बदलले. सहावा महिन्याचं बिल बनवणारा जॉब, दर 1 तारखेला सकाळी 6:30 ला चालणारा, म्हणजे यूटीसीमध्ये तारीख उलटून एक तास झालेला. तो जॉब पहाटे 2 ला आणायचं तिकीट पुढच्या स्प्रिंटला लागलेलं होतं.